उरलेले धा टक्के

कोकणात गणपतीच्या तोंडावर दोन गोष्टी न चुकता येतात. एक पाऊस आणि दुसरा मुंबई-गोवा महामार्गाच्या कामाचा टक्का. पावसाचं कमीजास्त होतं. टक्क्याचं तसं नाही, तो दरवर्षी वाढलेलाच असतो. तो घसरल्याचं कुणी ऐकलेलं नाही आणि शंभराला टेकल्याचंही नाही. 2011 मध्ये पनवेल ते इंदापूर हा 84 किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. पुढचं, इंदापूरपासून आमच्या कुडाळजवळच्या झारापपर्यंतचं काम दहा भागांत वाटून दिलं गेलं. दहा भाग म्हणजे दहा करार, दहा ठिकाणची यंत्रं, दहा प्रकारच्या अडचणी. पण पेपरवाल्यांना आणि मंत्र्यांना दहा आकडे नको असतात, एक हवा असतो. मग कुणीतरी त्या दहांचा एक करतो.

तो 'कुणीतरी' मी नव्हतो, हे आधीच सांगितलेलं बरं. पण ती जमात माझी आहे. मुंबईत एका कंपनीत माझी उमर गेली ती याच कामात. ठिकठिकाणी चाललेल्या पाच-पन्नास कामांचे मासिक अहवाल गोळा करायचे आणि मोठ्या साहेबांसाठी त्यांचं एक पान करायचं. साहेब ते पान चहा गार होण्याच्या आत वाचत. त्यामुळे रस्त्याचा टक्का छापून आला की मला रस्त्याआधी तो टक्का लावणाऱ्याची आठवण होते.

एका चतुर्थीला गावी येताना आमची गाडी संगमेश्वराच्या आसपास अडकून पडली होती. पुढे ट्रक, मागे ट्रक, डाव्या हाताला अर्धवट उभे राहिलेले पुलाचे खांब आणि त्यांच्यावर उगवलेलं हिरवंगार गवत. तेवढ्यात मालवणहून वहिनीचा फोन.

"भाऊजी, खंय पावलात?"

"संगमेश्वराक."

"अजून संगमेश्वराकच? पेपरात तर इला, रस्तो नव्वद टक्के झालो म्हणान."

"झालो तो झालोच, वहिनी."

"मगे उरलेले धा टक्के खंय आसत?"

"मी बसलंय थंयच."

वहिनीने जो प्रश्न विचारला तो आमच्या कचेरीत आढावा बैठकीत कुणी विचारला असता, तर माझी निम्मी पानं वाचली असती. किती झालं, हे सगळे विचारतात. राहिलेलं कुठे आहे, हे विचारणारा विरळा.

आता त्या टक्क्याचं पोट फाडून बघू. हिशेब सोपा राहावा म्हणून समजा रस्त्याचे दहा भाग सारख्या लांबीचे आहेत. नऊ भाग 98 टक्के झालेत आणि एक 30 वर अडकलाय. सरासरी येते 91.2. ऐकायला झकास. महिनाभराने नऊ भागांवर रंगाचे पट्टे मारून झाले, कठडे बसले, ते 99 वर गेले. दहावा होता तिथेच, 30 वर. सरासरी आता 92.1. म्हणजे आकडा जवळजवळ एका अंकाने चढला आणि ज्या भागामुळे सगळं अडलंय तिथे महिनाभर कुदळही उचलली गेली नाही. यात खोटं कुणीच बोललं नाही. नऊ ठिकाणची माणसं खरं बोलली, दहाव्याने तर निमूटपणे खरा आकडा दिला, बेरीज बरोबर आहे, भागाकार बरोबर आहे. तरीही त्या पानावरून साहेबाला जे समजलं ते खऱ्याच्या नेमकं उलट.

त्यात हे टक्के निघतात कसे, तेही बघण्यासारखं आहे. सरकारी तक्त्यात दोन रकाने असतात, 'भौतिक प्रगती' आणि 'आर्थिक प्रगती'. नाव भौतिक असलं तरी कामाच्या प्रत्येक घटकाला वजन बहुतेक किमतीवरूनच दिलेलं असतं. मातीकामाला इतकं, काँक्रीटला इतकं, पुलाला इतकं. सपाट जागेतला, जमीन ताब्यात असलेला रस्ता भराभर होतो, त्याचा टक्काही भराभर चढतो. आणि अडतं कुठे? जिथे जमिनीच्या मोबदल्याचं भांडण आहे तिथे. परशुराम घाटात देवस्थान, खोत आणि कुळं यांच्यात मोबदला कुणाचा हा वाद उभा राहिला आणि त्या तेवढ्या तुकड्याचं काम लांबत गेलं. पुढे डोंगर कापताना वरून दरडी यायला लागल्या आणि 2022 मध्ये घाट दिवसातले काही तास चक्क बंद ठेवून काम करावं लागलं. किमतीच्या तक्त्यात अशा तुकड्याचं वजन किरकोळ असतं. घाटात थांबलेल्या एसटीतल्या माणसाला ते किरकोळ वाटत नाही.

प्रवाशाचा हिशेब मुळात निराळाच असतो. तो किलोमीटर मोजत नाही, तास मोजतो. 400 किलोमीटरपैकी 360 किलोमीटर ताशी 80 ने गेलो तर साडेचार तास. उरलेले 40 किलोमीटर ताशी 20 ने सरपटत गेलो तर दोन तास. रस्त्याचा दहावा हिस्सा खराब, पण साडेसहा तासांतले दोन तास, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा वेळ त्याने खाल्ला. सरासरी काढायला माझी हरकत नाही. जिल्ह्यातल्या शाळांचे निकाल, गावोगावच्या पावसाचे आकडे यांची खुशाल काढा. एका शाळेतली मुलं नापास झाली म्हणून शेजारच्या गावातली होत नाहीत. रस्त्याचे भाग मात्र एकामागोमाग एक असतात. पहिला ओलांडल्याशिवाय दुसऱ्यात जाता येत नाही, आणि नऊ गुळगुळीत भागांची पुण्याई दहाव्यातल्या खड्ड्याला उपयोगी पडत नाही.

टक्क्याची आणखी एक खोड आहे. तो मागे यायला तयार नसतो. 16 ऑक्टोबर 2023 रोजी चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाचे गर्डर कोसळले. आता सरळ माणूस म्हणेल, त्या पुलाची प्रगती तेवढी कमी करा. पण माझ्या नोकरीत मी जे तक्ते हाताळले त्यांतल्या एकातही आकडा मागे घेण्याची सोय नव्हती. केलेलं काम 'झालं' म्हणून नोंदलं की ते झालं. मग ते पडो, वाहून जाओ की उखडून परत करावं लागो. परत करण्याचा खर्च दुसऱ्या कुठल्या तरी रकान्यात जातो आणि टक्का आपल्या जागी ताठ उभा राहतो.

याच किनाऱ्यावर, या रस्त्यापासून फार लांब नाही, एक दुसरं काम होऊन गेलं. तिथे अडलेलं एक ठिकाण सगळ्या मुलखाला नावानिशी ठाऊक होतं. कोकण रेल्वे. महामंडळ 1990 मध्ये स्थापन झालं, प्रमुख ई. श्रीधरन. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे 740 किलोमीटरची लाइन, नव्वदहून जास्त बोगदे, लहानमोठे धरून दोन हजारांच्या आसपास पूल. सह्याद्रीच्या कातळातले बोगदे ऐकायला भयंकर, पण ते तुलनेने मुकाट्याने झाले. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा, सगळ्यांत लांब. कातळ कठीण असतो, पण शब्दाला जागतो. फोडला की फुटतो आणि उरलेला जागेवर उभा राहतो.

जीव काढला तो मऊ मातीने. नऊ बोगदे अशा मातीत होते आणि त्यांतला पेडण्याचा सगळ्यांत त्रासदायक. पेडणं म्हणजे आमची सीमा ओलांडली की पलीकडे, गोव्यात. बोगद्याची लांबी जेमतेम दीड किलोमीटर. तिथली माती चिकण, पाण्याने तुडुंब भरलेली, कारण जमिनीखालची पाण्याची पातळीच वर. यंत्र घातलं तर सगळंच खाली येणार, म्हणून हाताने थोडंथोडं खणायचं, लगेच आधार द्यायचा आणि तरीही रात्रीतून ते बसायचं. की परत पहिल्यापासून. मऊ मातीच्या या बोगद्यांनी वर्षं खाल्ली आणि माणसंही.

आता आमच्या पद्धतीचं पान तेव्हा कुणी केलं असतं तर? सगळ्या बोगद्यांची लांबी मिळून 84 किलोमीटरच्या आसपास. त्यात पेडण्याचा दीड किलोमीटर म्हणजे दोन टक्क्यांनाही कमी. लाइनच्या लांबीत तर तो पाव टक्काही नाही. 'बोगद्यांचं काम 98 टक्के पूर्ण' असं वाक्य अगदी सचोटीने लिहिता आलं असतं आणि मुंबईहून निघालेली गाडी मंगळुरूला जाऊ शकत नाही हे त्या वाक्यातून कुणाला कळलंही नसतं. मुंबईकडची गाडी सावंतवाडीपर्यंत आधी आली, दक्षिणेकडची लाइन तुकड्यातुकड्याने आधी सुरू झाली आणि मधे पेडणं बसलं होतं. सबंध लाइन सुरू झाली ती 26 जानेवारी 1998 ला. त्या काळात आमच्याकडे पारावर लाइनचा टक्का कुणी विचारत नसे. विचारत ते एवढंच, "पेडण्याचो बोगदो खंय पावलो?" अख्ख्या प्रकल्पाची प्रगती एका बोगद्याच्या नावाने विचारली जात होती आणि उत्तरही बरोबर मिळत होतं.

यात आणखी एक गंमत आहे. कुडाळ-सावंतवाडीच्या माणसाला मुंबई गाठायची, तर त्याच्यापुरती रेल्वे पेडण्याची वाट न बघताच शंभर टक्के झाली होती. मंगळुरूच्या माणसाला मुंबईला जायचं, तर त्याच्यासाठी ती त्याच दिवशी शून्य होती. तेव्हा एका पानावर सगळं आणायचं असेल तर ते पान कुणाच्या प्रवासासाठी आहे हे आधी विचारावं लागतं. आमच्या कंपनीत ते कधी विचारलं गेलं नाही. पान साहेबांसाठी असायचं आणि साहेब प्रवास विमानाने करायचे.

टक्क्यांचा कंटाळा आला की कंपन्या रंगांकडे वळतात. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे लक्ष द्या, लाल म्हणजे अडलंय. कल्पना चांगली. पण रंग माणसं भरतात आणि वर जाताजाता त्यांची छटा बदलते. जागेवरचा सुपरवायझर म्हणतो, "साहेब, पुलाखालची जागा आपल्या ताब्यात नाही, पावसाआधी हे काम होत नाही." त्याचा वरिष्ठ लिहितो, 'जागेबाबत पाठपुरावा सुरू आहे.' त्याच्या वरचा लिहितो, 'किरकोळ अडचणी वगळता काम नियोजनानुसार.' आणि माझ्या टेबलावर येतं ते 'काम प्रगतिपथावर'. तीन जिने चढताना लालाचा पिवळा झाला आणि पिवळ्याचा हिरवा. एकाही पायरीवर कुणी धडधडीत खोटं लिहिलेलं नाही. प्रत्येकाने आपल्या साहेबाची झोप थोडी सांभाळली, इतकंच.

अशा अहवालाला आमच्या धंद्यात जगभर कलिंगड म्हणतात. बाहेरून हिरवं, आत लाल. आमच्या जिल्ह्यात भात काढून झालं की कलिंगडं लावतात आणि उन्हाळ्यात हायवेच्या कडेला रास मांडून बसतात, त्यामुळे मला ही उपमा जरा जास्तच जवळची. पण त्या राशीपाशी गिऱ्हाईक काय करतं? विक्रेत्याच्या शब्दावर जात नाही. तो वाजवून दाखवतो, तरी म्हणतं, काप काढून दाखव. मग सुरीने एक त्रिकोणी तुकडा काढला जातो, रंग बघितला जातो आणि मगच भाव ठरतो. आढावा बैठकीत काप काढायला कुणी सांगत नाही. दर महिन्याला हिरव्यांतलं एखादं काम चिठ्ठी टाकून उचलावं आणि तिथे न सांगता जाऊन उभं राहावं, एवढ्याने निम्मी कलिंगडं उघडी पडतात. फरक एवढाच, की रस्त्यावरचं गिऱ्हाईक आत लाल निघालं की खूश होतं.

काही साहेब या सगळ्यावर एक जालीम उपाय काढतात. एक जरी काम लाल असेल तर सबंध पानच लाल दाखवा, म्हणजे काही लपणार नाही. असा एक साहेब मलाही लाभला होता. हेतू चोख, पण हिशेब बघा. चाळीस कामं हातात आहेत आणि एखादं काम एखाद्या महिन्यात लाल असण्याची शक्यता शंभरात पाच धरू. चाळीसच्या चाळीस कामं एकाच महिन्यात लालाबाहेर असण्याची शक्यता उरते शंभरात तेरा. म्हणजे दर आठ महिन्यांतले सात महिने पान लाल. पहिल्या महिन्यात धावपळ होते, दुसऱ्यात बैठक, चौथ्यापर्यंत लाल रंग भिंतीच्या रंगासारखा होतो. आहे, पण दिसत नाही. सगळं हिरवं दाखवणाऱ्या पानात आणि सदैव लाल असणाऱ्या पानात अडलेलं काम सारखंच बेपत्ता असतं.

म्हणून नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी वरचा रंगच काढून टाकला. पानाच्या डोक्यावर फक्त मोजदाद: चाळीस कामं, चौतीस वेळेत, चार मागे, दोन अडलेली. आणि लगेच खाली त्या दोघांची नावं. सरासरी कुठेही नाही. वेळेत असलेल्या चौतिसांची नावंसुद्धा नाहीत, ती मागच्या पानावर. साहेबांची नजर चहा संपेपर्यंतच पानावर राहणार असेल, तर ती त्या दोन ओळींवरच पडली पाहिजे.

त्या ओळींत काय असावं हे नमुन्यासाठी सांगतो, तेही रस्त्याचं नको, आमच्या बाजूच्या एखाद्या वाडीच्या नळपाणी योजनेचं घेऊ. समजा टाकी बांधून झाली, पाइप पुरून झाले, घरोघर नळ बसले. पैसे 85 टक्के खर्ची पडले, तेव्हा आर्थिक प्रगती 85. पाणी शून्य, कारण विहिरीच्या जागेचं बक्षीसपत्र झालेलं नाही. ते का झालं नाही? तर सातबाऱ्यावर सतरा नावं आहेत. त्यांतली बारा मुंबईत, दोघं वारलेली आणि त्यांच्या वारसांची नोंद व्हायची आहे. एक जण सही करायला तयार आहे पण आधी धाकट्याने करावी म्हणतो, आणि धाकटा आधी थोरल्याने म्हणतो. कोकणात जमीन ज्यांच्या नावावर असते त्यांच्यात एकमत होणं हे धरण बांधण्याइतकंच अभियांत्रिकी काम आहे.

या योजनेला कुठला रंग? तारखेचं बघितलं तर दोन महिने मागे, म्हणजे पिवळा. पैशाचं बघितलं तर हिरवा. जागेचं बघितलं तर लाल. तिघांची सरासरी काढली की सुंदर पिवळा येतो आणि पुढची दोन वर्षं पिवळाच राहतो. माझा नियम असा होता, की तिघांतला जो सगळ्यांत वाईट तोच ओळीचा रंग. एका कामाच्या आत सगळ्यांत वाईटाचाच मान, कारण विहिरीच्या जागेशिवाय टाकी आणि नळ यांना अर्थ नाही. पण चाळीस कामांच्या वरच्या पानावर मात्र नावं आणि मोजदाद, कारण एका वाडीला पाणी नाही म्हणून दुसऱ्या वाडीचं बंद पडत नाही. जिथे एकामागोमाग एक अशी अडवणूक आहे तिथे एक कायदा, जिथे कामं आपापली सुटी आहेत तिथे दुसरा. ही फोड न करता एकच सूत्र खालपासून वरपर्यंत ओढलं की पान बिघडतंच. महामार्गाचे दहा भाग कागदावर दहा सुटी कामं आहेत आणि गाडीतल्या माणसाला एकच काम. तिथे तर पहिला कायदाच लागू.

लालाची व्याख्याही मी दिवसांवर ठेवली नव्हती. पंधरा दिवस मागे की साठ, यावर माणसं वकिली करतात. मी विचारायचो, कधी होईल? तारीख सांगितली तर ती लिहून घ्यायचो, पहिल्या ठरलेल्या तारखेशेजारी. तारीख सांगता आली नाही तर लाल, मग टक्का 85 असो की 98. शिवाय एक लहानसा रकाना, 'तारीख किती वेळा बदलली'. हा रकाना सगळ्यांना टोचायचा. महामार्गाच्या बाबतीत तो भरायला बसलं तर कागद आडवा धरावा लागेल. डिसेंबर 2023 पर्यंत रस्ता पूर्ण होईल असंही मधे सांगून झालं होतं. एकदा बदललेली तारीख अपघात असू शकते. पाचव्यांदा बदललेली तारीख ही मुळात तारीख नसते, ते आशीर्वाद असतात.

पिवळ्यासाठी एक मुदत होती. सलग तीन महिने पिवळा राहिला की कुणालाही न विचारता लाल. याने फार ओरड झाली. पिवळा हा सगळ्यांच्या सोयीचा रंग असतो. त्यात कबुलीही असते आणि बैठकीला उभंही राहावं लागत नाही.

आणि शेवटचा, ज्याच्यावरून माझे काही जणांशी संबंध बिघडले तो नियम. लाल ओळीत अडचणीचं वाक्य जागेवरच्या माणसाचंच राहील, वरच्या कुणी त्याला हात लावायचा नाही. 'बक्षीसपत्र नाही, सतरा नावं, दोघे मयत, वारसनोंद बाकी, निर्णय तहसीलमध्ये.' या वाक्याला 'जागेबाबत पाठपुरावा' असं कुणी केलं की मी परत पाठवायचो. भाषा शुद्ध करायलाही परवानगी नव्हती. एकदा एका सुपरवायझरने लिहिलं होतं, 'पूल झाला पण रस्ता पुलाला लागत नाही, मधे आंब्याची कलमं, मालक मोबदला घेत नाही.' साहेबांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि पहिल्यांदाच मला विचारलं, "किती कलमं आहेत?" त्या एका प्रश्नाने ते काम हललं. टक्क्याकडे बघून कुणी कधी कलमं मोजायला सांगितली नव्हती.

यातला कच्चा दुवा मला ठाऊक आहे. लाल दाखवणाऱ्यालाच बैठकीत झाडलं तर पुढच्या महिन्यापासून सगळं हिरवं, मग पान कितीही हुशारीने आखा. एका साहेबाच्या काळात आमच्याकडे वर्षभर एकही लाल ओळ नव्हती आणि वर्ष संपताना तीन कामं एकदम कोसळली. त्या पानात काही चूक नव्हती. चूक साहेबांच्या आवाजात होती आणि आवाजासाठी तक्त्यात रकाना नसतो.

लाल काम मार्गी लागून हिरवं झालं की ते पहिल्या पानावरून लगेच खाली उतरवायची सगळ्यांना घाई असते. मी सहा महिने तिथेच ठेवायचो, शेजारी 'पूर्वी लाल' असं लिहून. लोक हसायचे. पेडण्याच्या बोगद्याला तर सहा महिनेही थोडे पडले असते. गाड्या धावू लागून बावीस वर्षं झाल्यावर, ऑगस्ट 2020 मध्ये भर पावसात त्या बोगद्याच्या भिंतीचा काही भाग ढासळला. जुलै 2024 मध्ये त्यात पाणी आणि चिखल शिरला आणि कोकण रेल्वे पुन्हा थांबली. माती तीच, पाण्याची पातळी तीच. 2020 मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्या पनवेलहून पुणे, मिरज, लोंढा अशा घाटावरून फिरवल्या. एकाच दीड किलोमीटरने गोव्याला जाणाऱ्या माणसाला मिरज दाखवलं.